संचालक मंडळास खुले पत्र: आपला डेटा कुठे आहे, तो परत कसा आणायचा आणि किल्ल्या कोणाकडे आहेत

मा. अध्यक्ष, मा. उपाध्यक्ष आणि सर्व संचालक यांस,

सविनय नमस्कार.

मागच्या बैठकीत मंडळाने सॉफ्टवेअर कंपनीबरोबरच्या क्लाउड कराराचे तीन वर्षांसाठी नूतनीकरण करण्यास मान्यता दिली. त्याच ठरावात स्वतंत्र बॅकअपसाठी मागितलेली तरतूद वगळण्यात आली. इतिवृत्तात त्याचे कारण असे नोंदले आहे: “डेटा क्लाउडवर असल्याने वेगळ्या बॅकअपची आवश्यकता नाही.” करारावर अजून सह्या व्हायच्या आहेत. म्हणून हे पत्र आताच लिहीत आहे.

पत्र खुले का, तेही सांगतो. आपली संस्था पतसंस्था आहे, बँक नाही. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण असते ते पतसंस्थेच्या ठेवीला नसते. सभासदाच्या हातातली ठेवपावती आणि आपल्या डेटाबेसमधली नोंद, एवढाच त्याच्या पैशाचा पुरावा. ती नोंद कशी सांभाळली जाते हे जाणून घेण्याचा त्याला हक्क आहे. माझा संबंध दोन प्रकारे येतो. माझ्या बचतीचा मोठा भाग याच संस्थेत ठेव म्हणून आहे. शिवाय, लेखापरीक्षकांना ‘बॅकअप घेतला जातो व तो वापरण्याजोगा आहे’ असा दाखला माझ्या सहीने जातो. मंजूर झालेल्या मसुद्यावर मी तो दाखला देऊ शकत नाही.

सर्व्हरचे पत्ते, युजर आयडी किंवा आज उघडी असलेली दारे यांचा तपशील या पत्रात दिलेला नाही. तो मा. अध्यक्षांकडे बंद पाकिटात स्वतंत्रपणे दिला आहे.

डेटा कुठे आहे

करारात यासंबंधी एकच वाक्य आहे: माहिती सुरक्षित क्लाउडवर ठेवली जाईल. क्लाउड म्हणजे कोणत्या तरी गावातल्या कोणत्या तरी इमारतीतील दुसऱ्याच्या मालकीचे सर्व्हर. तेव्हा पहिला प्रश्न गावाचा. आपला चालू सर्व्हर ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई विभागात आहे आणि स्क्रीनवर त्याचे नाव `ap-south-1` असे दिसते. ते मी तपासले आहे. पण रात्रीची बॅकअप फाइल ज्या साठवणीत जाते तिचे ठिकाण वेगळे असू शकते, कारण साठवण तयार करताना विभाग पुन्हा स्वतंत्रपणे निवडावा लागतो. ते ठिकाण कळण्यासाठी कंपनीला एक ओळ चालवायची असते:

```
aws s3api get-bucket-location --bucket <साठवणीचे नाव>
```

उत्तरात `ap-south-1` आले तर साठवण मुंबईत आहे, `ap-south-2` आले तर हैदराबादेत. उत्तर `null` आले तर त्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा होत नाही. या सेवेत `null` म्हणजे अमेरिकेतील व्हर्जिनियाचा विभाग, `us-east-1`. ही माहिती नसणारा माणूस ते उत्तर वाचून पुढे जातो. या एका ओळीचे उत्तर लेखी मागितले असता कंपनीने फक्त ‘डेटा भारतात आहे’ असे ईमेलने कळवले. ईमेलमधले विधान करारात नसेल तर वाद उद्भवल्यावर त्याचा उपयोग होत नाही.

पतसंस्थेचा सगळा डेटा भारतातच हवा असे सरसकट सांगणारा कायदा आज नाही, हेही मंडळासमोर स्पष्ट असावे. रिझर्व्ह बँकेचे 6 एप्रिल 2018 चे परिपत्रक पेमेंट यंत्रणांच्या डेटाबद्दल आहे. आपल्याला ते थेट लागू होत नाही. ज्या बँकेमार्फत आपण एनईएफटी करतो तिच्या करारातून ते आपल्यापर्यंत पोहोचते. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानुसार केंद्र सरकार ठरावीक देशांत डेटा नेण्यावर निर्बंध घालू शकते, सरसकट मनाई मात्र नाही. तरीही ठिकाण करारात हवे, असे मी म्हणतो. त्याच कायद्याप्रमाणे सभासदाच्या माहितीची जबाबदारी आपली राहते, काम बाहेरच्या कंपनीला दिले तरीही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणेचे लॉग, म्हणजे कोणी कधी काय केले याच्या नोंदी, 180 दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. कंपनीच्या मसुद्यात लॉग 30 दिवस ठेवण्याची तरतूद आहे.

देशापुरता प्रश्न सुटला तरी गावाचा राहतो. चालू सर्व्हर मुंबईत आणि बॅकअपही मुंबईतच, अशी रचना मला पुरेशी वाटत नाही. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. बॅकअप त्याच आवारात असलेल्या ग्राहकांचा मूळ डेटा आणि प्रत दोन्ही एकत्रच गेले. बॅकअपसाठी पैसे मोजलेले ग्राहकही त्यांत होते. आपल्याला निदान एक प्रत मुंबईबाहेर हवी.

याहून नाजूक मुद्दा खाते कोणाच्या नावावर आहे हा आहे. आज मूळ डेटा आणि बॅकअप, दोन्ही सॉफ्टवेअर कंपनीच्या क्लाउड खात्यात आहेत. त्या खात्याचे बिल कंपनी भरते आणि त्यावर आपले नाव कुठेही नाही. कंपनीशी वाद झाला, तिने बिल थकवले किंवा ती बंद पडली, तर क्लाउड सेवा पुरवणाऱ्याच्या लेखी आपण ग्राहकच नाही. ॲमेझॉनच्या सेवेत खाते बंद केल्यावर 90 दिवसांनी त्यातला मजकूर कायमचा पुसला जातो. तेवढ्या काळात न्यायालयातून आदेश मिळेल या भरवशावर ठेवीदारांच्या नोंदी सोडता येणार नाहीत.

आणि एक मुद्दा, जो पूर्णपणे आपल्या हातात आहे. शाखांतून मुख्य कार्यालयाकडे आधार आणि पॅन कार्डांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवले जातात. ते प्रत्येक सदस्याच्या खासगी मोबाइलमध्ये आणि त्याच्या फोनच्या बॅकअपमध्ये जाऊन बसतात. हे चालू असेपर्यंत करारातल्या ठिकाणाच्या कलमाला अर्थ उरत नाही.

दुसरा सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे

कंपनीने सादरीकरणात हैदराबादचा दुसरा सर्व्हर दाखवला आणि मंडळाचे समाधान झाले. मुंबईत झालेली प्रत्येक नोंद काही सेकंदांत तिथे उमटते. मुंबईचे केंद्र बंद पडले तर हा सर्व्हर कामाला येईल आणि तो असावाच. पण तो बॅकअप नव्हे. हे एका उदाहरणाने पूर्ण मांडतो.

समजा, एका शाखेत एका ठेवपावतीची मुदतपूर्तीची तारीख चुकीची पडली. शाखेने कंपनीला फोन केला. गुरुवारी दुपारी 4 वाजून 25 मिनिटांनी कंपनीच्या अभियंत्याने थेट डेटाबेसमध्ये दुरुस्ती केली आणि पावती क्रमांकाची अट लिहायची राहून गेली:

```sql
-- जे चालवले
UPDATE fd_master SET maturity_date = '2026-08-14';
-- जे हवे होते
UPDATE fd_master SET maturity_date = '2026-08-14'
WHERE receipt_no = 20417;
```

त्या क्षणी संस्थेच्या सगळ्या, धरू या 18,000, पावत्यांची मुदत एकाच तारखेला संपू लागली. कोणताही इशारा येत नाही, कारण डेटाबेसच्या दृष्टीने आज्ञा बिनचूक आहे. काही सेकंदांत हीच चूक हैदराबादेतही उमटते. दोन्ही सर्व्हर एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि देखरेखीच्या स्क्रीनवर सगळे हिरवे दिसते. पाच वाजता एक ठेवीदार पावती मोडायला येतो, तारीख विचित्र दिसते आणि तेव्हा कळते.

आता मागे जायचे कसे? रात्री अकराला घेतलेला पूर्ण बॅकअप एवढेच हाताशी असेल तर बुधवारी रात्रीच्या स्थितीवर जावे लागेल. गुरुवारचे सर्व अकरा शाखांचे काम, म्हणजे भरणा, उचल, पिग्मीचा भरणा, कर्जाचे हप्ते, पुन्हा व्हाउचरवरून भरावे लागेल. शाखेत दिवसाला दीडशे व्हाउचर धरले तरी ही संख्या साडेसोळाशेच्या घरात जाते. घाईत केलेल्या त्या भरणीत नव्या चुका होतात.

पूर्ण बॅकअपबरोबर दर 15 मिनिटांनी व्यवहारांच्या लॉगचाही, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या क्रमवार नोंदीचाही, बॅकअप घेतला जात असेल तर चित्र वेगळे होते. बुधवारी रात्रीची प्रत चालू डेटाबेसवर न चढवता वेगळ्या नावाने शेजारी उभी करायची. तिच्यावर रात्रीपासूनचे लॉग क्रमाने चढवायचे. शेवटच्या लॉगला ‘4 वाजून 24 मिनिटांवर थांब’ असे सांगायचे, म्हणजे चुकीच्या आदल्या मिनिटाची स्थिती मिळते. त्या प्रतीतून फक्त पावती क्रमांक आणि मुदतपूर्तीची तारीख हे दोन रकाने घ्यायचे. 4:24 नंतर नव्याने काढलेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या पावत्या बाजूला काढायच्या. पासिंग अधिकाऱ्याने काही पावत्या कागदावरून पडताळायच्या आणि मग चालू डेटाबेसमधल्या तेवढ्याच तारखा दुरुस्त करायच्या. गुरुवारचे एकही व्हाउचर पुन्हा भरावे लागत नाही. त्यानंतर काउंटर उघडे राहते आणि ठेवीदाराला ‘उद्या या’ म्हणावे लागत नाही.

हे साधण्यासाठी डेटाबेसचा रिकव्हरी मोड `FULL` हवा. तो `SIMPLE` असेल तर लॉगचा बॅकअप घेताच येत नाही. लॉग फाइल वाढून डिस्क भरते म्हणून अनेक ठिकाणी तो गुपचूप `SIMPLE` केला जातो. मध्येच बदलून पुन्हा `FULL` केला तर लॉगची साखळी तुटते आणि नवा बॅकअप होईपर्यंत पुढचे लॉग निरुपयोगी ठरतात. म्हणून पाहणी एकदाच करून भागत नाही, दर आठवड्याला करावी लागते:

```sql
SELECT name, recovery_model_desc FROM sys.databases;
```

वरच्या उदाहरणात चूक तासाभरात कळली. बंद पडलेल्या खात्यातून कोणी हळूहळू रक्कम काढत असेल तर ते वार्षिक लेखापरीक्षणात उघड होते. म्हणून रोजच्या प्रती 35 दिवस, महिनाअखेरच्या 12 आणि 31 मार्चच्या आठ वर्षांच्या, अशी रचना मी सुचवली होती. आपला डेटाबेस सुमारे 60 जीबीचा आहे आणि दाबून केलेली बॅकअप फाइल सुमारे 15 जीबीची होते. 35, 12 आणि 8 मिळून 55 प्रती, म्हणजे 825 जीबी. लॉग धरून एक टीबी समजू. मुंबई विभागात नेहमीच्या साठवणीचा दर जीबीला महिन्याला साधारण दोन ते तीन रुपये पडतो. म्हणजे साठवणीचा खर्च महिन्याला तीन हजारांच्या आत राहतो. वगळलेली तरतूद एवढ्या रकमेची आहे.

प्रत पुसता येऊ नये आणि उघडता यावी

मूळ डेटा पुसण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच बॅकअप पुसण्याचाही अधिकार असेल, तर त्या बॅकअपवर विसंबता येत नाही. खंडणीखोर आत शिरले की आधी बॅकअप शोधून नष्ट करतात आणि मग मूळ डेटा कुलूपबंद करतात. शत्रू नसतानाही असे घडू शकते. मे 2024 मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातील मोठ्या पेन्शन फंडाची गुगल क्लाउडवरची खासगी क्लाउड रचना, दोन वेगवेगळ्या ठिकाणी असूनही, सेवा देणाऱ्याकडच्या एका चुकीच्या मांडणीमुळे पुसली गेली. दोन ठिकाणांचा उपयोग झाला नाही, कारण दोन्ही एकाच सदस्यत्वाखाली होती. फंडाने दुसऱ्या पुरवठादाराकडेही प्रती ठेवल्या होत्या आणि त्या उभारणीच्या कामी आल्या.

म्हणून बॅकअपचे खाते संस्थेच्या नावाचे, वेगळ्या पासवर्डचे हवे. कंपनीला तिथे फाइल टाकता यावी, पुसता येऊ नये. साठवणीवर ऑब्जेक्ट लॉक ‘कम्प्लायन्स’ प्रकारात लावला की ठरलेली मुदत संपेपर्यंत खात्याचा मुख्य मालकसुद्धा फाइल पुसू शकत नाही. ‘गव्हर्नन्स’ प्रकारात विशेष अधिकार असणारा पुसू शकतो, म्हणून तो आपल्याला पुरत नाही. यातला धोकाही सांगून ठेवतो: चुकून दहा वर्षांची मुदत टाकली तर ती कमी करता येत नाही आणि साठवणीचे बिल चालू राहते. आधी एका दिवसाच्या मुदतीवर चाचणी घ्यावी, मग 35 दिवस ठेवावेत.

दुसरी बाजू फाइल उघडण्याची. आपला डेटाबेस एन्क्रिप्ट केलेला आहे, हे चांगलेच आहे. पण अशा डेटाबेसची बॅकअप फाइल दुसऱ्या सर्व्हरवर उभी करायची तर ज्या प्रमाणपत्राने तो कुलूपबंद केला ते प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली लागते. ती आज फक्त कंपनीकडे आहे. उद्या सगळ्या 55 फाइली आपल्या हातात आल्या तरी सर्व्हर ‘प्रमाणपत्र सापडत नाही’ एवढेच सांगेल. करार संपल्यावर ‘डेटा परत दिला जाईल’ या कलमाखाली कंपनीने अशी फाइल दिली तर कलम पाळले गेले असे ती म्हणू शकते आणि आपल्या हाती मात्र काही नसते.

हे सगळे खरे चालते का, हे कळण्याचा मार्ग म्हणजे प्रत उभी करून पाहणे. कंपनी दर महिन्याला ‘बॅकअप यशस्वी’ असा अहवाल देते. त्याचा अर्थ फाइल लिहिली गेली, एवढाच. `RESTORE VERIFYONLY` ही तपासणीही फाइल वाचता येते एवढेच सांगते. आतला डेटा धड आहे की नाही हे प्रत उभी करून `DBCC CHECKDB` चालवल्यावर कळते. आणि त्यापुढची तपासणी संगणकतज्ज्ञाची नाही, हिशेबनिसाची आहे. उभ्या केलेल्या प्रतीतून आदल्या दिवशीची रोजकीर्द आणि तेरीज छापायची. अखेरची रोख शिल्लक, तेरजेच्या दोन्ही बाजू आणि खात्यांची संख्या त्या संध्याकाळी सही करून ठेवलेल्या कागदांशी जुळवायची. प्रत्येक शाखेची दोन-तीन खाती कशीही निवडून पाहायची. प्रतीतील शेवटच्या व्हाउचरची वेळ पाहिली की किती मिनिटांचे काम हरवले असते तेही कळते. कामाला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजायचा. आपल्या 50 एमबीपीएसच्या लाइनवर 15 जीबीची फाइल उतरायलाच किमान 40 मिनिटे लागतात, प्रत्यक्षात तासभर. तिथून पुढे उभारणी आणि तपासणी. चार तासांत काउंटर सुरू करणे मला शक्य वाटते, पण चाचणी झाल्याशिवाय तसे लिहून देणार नाही. ही चाचणी मी मागितली होती. ‘कामाच्या गर्दीमुळे’ ती पुढे ढकलण्यात आली आणि तारीख अजून ठरलेली नाही.

किल्ल्या

सोनेतारणाच्या तिजोरीला आपण दोन किल्ल्या ठेवतो. एक शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. एकट्याने तिजोरी उघडत नाही, मग तो माणूस कितीही विश्वासू असो. संगणकावर मात्र ही शिस्त आपण सोडून दिली आहे.

व्हाउचर लिपिकाने भरायचे आणि अधिकाऱ्याने पास करायचे, अशी दोन हातांची रचना सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण शाखाधिकारी रजेवर असले की त्यांचा पासवर्ड लिपिकाकडे असतो. तोच माणूस भरतो आणि तोच पास करतो. अपहार झाला तर लॉगमध्ये शाखाधिकाऱ्याचे नाव निघेल आणि निर्दोष माणसाला चौकशीला सामोरे जावे लागेल. रजेच्या काळात दुसऱ्या अधिकाऱ्याला तारखेपुरते पासिंगचे अधिकार देण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. रजेच्या अर्जाबरोबर तसा आदेश काढावा, एवढेच लागते.

बदली झालेल्या आणि निवृत्त कर्मचाऱ्यांचे आयडी बंद करण्याची सूचना माझ्याकडे उशिरा येते, कधी येतच नाही. यावर सोपा इलाज आहे. दर महिन्याला चालू आयडींची यादी पगारपत्रकाशी जुळवायची. पगारपत्रकात नाव नसलेला प्रत्येक आयडी त्याच दिवशी बंद करायचा. पिग्मी एजंटांची यादी कमिशनच्या पत्रकाशी जुळवावी. एजंटाला फक्त त्याच्या मार्गावरची खाती दिसावीत आणि ॲप त्याच्या एकाच मोबाइलवर चालावे.

कंपनीचा प्रवेश हा सगळ्यांत मोठा प्रश्न आहे. तिच्या सपोर्ट विभागाचा एकच सामाईक आयडी आहे, तो चोवीस तास चालू असतो आणि त्याला डेटाबेसवर पूर्ण अधिकार आहेत. तारखेच्या उदाहरणातली आज्ञा याच वाटेने येऊ शकते आणि ती कोणी दिली हे लॉगवरून कळणार नाही. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या सेवा कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा देशातील पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला पेमेंट जाळ्यापासून तोडले. तिच्यावर अवलंबून असलेल्या सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार तेवढ्या काळात बंद राहिले. त्या बँकांच्या शाखांत काही चुकले नव्हते. सेवा देणाऱ्याकडचे दार उघडे राहिले की त्याची झळ आपल्यापर्यंत येते.

काही मान्यवर संचालकांनी सर्व खाती मोबाइलवर पाहता यावीत अशी मागणी केली आहे. संस्थेवर लक्ष ठेवण्याची आपली जबाबदारी मला मान्य आहे. त्यासाठी शाखानिहाय ठेवी, थकबाकी, रोख शिल्लक आणि मोठ्या व्यवहारांचे रोजचे पत्रक द्यायला मी तयार आहे. पण एखाद्या सभासदाच्या खात्यात किती रक्कम आहे हे संचालकाला घरबसल्या दिसण्याची गरज नाही. गावात ही माहिती बाहेर गेली तर ठेवीदाराचा विश्वास जातो. विशिष्ट खाते पाहण्याची गरज भासल्यास लेखी मागणी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत यावी आणि तिची नोंद राहावी.

मागण्या

करारावर सही होण्यापूर्वी:

1. मूळ डेटा, दुसरा सर्व्हर, बॅकअप आणि लॉग यांचे विभाग नावानिशी करारात लिहावेत. आमच्या लेखी संमतीशिवाय ते बदलता येणार नाहीत असे कलम घालावे. लॉग किमान 180 दिवस ठेवावेत आणि घटना कळताच कंपनीने आम्हाला दोन तासांत कळवावे, म्हणजे सहा तासांची मुदत पाळता येईल.

2. करार संपताना कंपनीने उघडता येईल असा डेटा, प्रमाणपत्र, खासगी किल्ली आणि तक्त्यांची रचना द्यावी. प्रमाणपत्र आणि किल्लीची एक प्रत आत्ताच, दोन सीलबंद पेनड्राइव्हवर, मुख्य कार्यालयाच्या आणि दुसऱ्या एका शाखेच्या तिजोरीत ठेवावी. किल्लीचा पासवर्ड पेनड्राइव्हसोबत ठेवू नये.

3. सपोर्टचा सामाईक आयडी बंद व्हावा. अभियंत्यागणिक वेगळा आयडी, तक्रार क्रमांकाशिवाय प्रवेश नाही, प्रवेश दोन तासांपुरता आणि आमच्याकडून उघडून दिल्यावरच. डेटाबेसमध्ये थेट दुरुस्ती करायची असल्यास ती आज्ञा आधी चाचणीच्या प्रतीवर चालवून किती नोंदी बदलल्या ते दाखवावे. एक पावती दुरुस्त करायची असताना आकडा 18,000 आला तर काम तिथेच थांबेल.

पुढच्या बैठकीपर्यंत:

4. वगळलेली तरतूद पुन्हा मंजूर करावी आणि संस्थेच्या नावाने, संस्थेच्या पॅनवर, हैदराबाद विभागात बॅकअपचे वेगळे खाते उघडावे. नोंदणीचा ईमेल पत्ता संस्थेचा असावा, कोणा कर्मचाऱ्याचा खासगी नसावा. मुख्य लॉगिनसाठी मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीऐवजी हार्डवेअर किल्ली, म्हणजे संगणकाला जोडायचे छोटे उपकरण, वापरावी. पासवर्ड मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे आणि किल्ली तिजोरीत राहावी. त्या खात्यात मी एकट्याने जाऊ शकेन अशी व्यवस्था मलाही नको.

5. पासवर्ड दुसऱ्याला देण्यास मनाई करणारे आणि रजेच्या काळातील पासिंगचे परिपत्रक काढावे. व्हॉट्सॲपवर ओळखपत्रांचे फोटो पाठवणे बंद करून सॉफ्टवेअरमधली अपलोडची सोय सर्व शाखांत सुरू करावी.

6. रिस्टोअर चाचणी, म्हणजे बॅकअपची प्रत उभी करून पाहण्याची चाचणी, दर तिमाहीला घ्यावी आणि तिचा निकाल, लागलेल्या वेळेसह, इतिवृत्तात नोंदवावा. पहिली चाचणी पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी मुख्य कार्यालयात ठेवावी. एक संचालक, अंतर्गत लेखापरीक्षक आणि एका शाखेचे रोखपाल यांनी हजर राहावे. येताना आदल्या दिवशीची सही केलेली रोजकीर्द आणि तेरीज सोबत आणावी. सकाळी दहाला सुरुवात करू. दुपारी दोनपर्यंत तेरीज जुळली नाही, तर तसा लेखी अहवाल त्याच दिवशी माझ्या सहीने मंडळाला मिळेल.

आपला विश्वासू,
माहिती तंत्रज्ञान विभाग प्रमुख

प्रत: मुख्य कार्यकारी अधिकारी, अंतर्गत लेखापरीक्षक, सर्व शाखांचे सूचना फलक